प्रेक्षक जागेवर आहेत, मोजणी कुठे गेली? व्हिडिओ मंचाच्या साहाय्य विभागास खुले पत्र

प्रति,
साहाय्य विभाग आणि तक्रार निवारण अधिकारी,
माझं चॅनल ज्या व्हिडिओ मंचावर आहे, तो मंच

स. न. वि. वि.

मी बडोद्याहून मोडी लिपी शिकवणारं चॅनल चालवते. दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरच्या आठवड्यात, एका मंगळवारी, माझ्या चॅनलचे मोजलेले व्ह्यूज जवळजवळ निम्म्यावर आले आणि तिथेच राहिले. याबद्दल आपल्याला नोंदणीकृत पत्त्यावरून मेल केले. उत्तरं आली, पण त्यांत कारण नव्हतं. म्हणून तीच तक्रार आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. आपल्या मंचाचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. मला बदनामी करायची नाही, मला कारण हवं आहे. शिवाय माझ्यासारखी छोटी चॅनलं चालवणाऱ्या इतरांनाही आपल्या आकड्यांची तपासणी कशी करायची ते यातून कळेल.

आधी माझे प्रेक्षक कोण आहेत ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बडोद्याला गायकवाडी कारभाराची मोडीतली दप्तरं आहेत आणि दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागातल्या अनेक मराठी घरांत आजही खरेदीखतं, इनामाचे कागद, जमाखर्चाच्या वह्या ट्रंकेत पडून आहेत. त्या उघडल्या की घरातल्या कुणालाच वाचता येत नाहीत. मोडी लिहिणारा आधी आडवी शिरोरेषा ओढून घेतो आणि तिच्याखाली न थांबता लिहीत जातो. शब्द सुटे नसतात, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. अशा कागदाचं छायाचित्र मोबाइलच्या पडद्यावर दाखवून 'हा ब आहे आणि हा व' असं सांगण्यात काही अर्थ नाही. म्हणून माझे विद्यार्थी संगणकापुढे बसतात. समोर वही, हातात पेन्सिल, पडद्यावर कागद मोठा केलेला. त्यांत इतिहासाचे संशोधक आहेत, वकिलांच्या कचेरीत काम करणारे आहेत, बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत. माझे अर्ध्याहून जास्त व्ह्यूज संगणकावरून येत. बहुतेक मराठी चॅनलांचं असं नसतं, त्यांचा प्रेक्षक मोबाइलवर असतो. नेमका याच फरकामुळे माझ्या आकड्यांत ही गोष्ट इतकी स्पष्ट दिसली.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेते. जुन्या कागदांवर वर्ष अरबी संख्यानामांत लिहिलेलं असतं आणि ते शुहूर सन या जुन्या कालगणनेतलं असतं. 'सीत सितैन मया व अलफ' असं दिसलं तर सहा, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे 1166. शुहूर वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं, म्हणून त्यात महिन्याप्रमाणे 599 किंवा 600 मिळवायचे, की इसवी सन 1765-66 मिळतं. हे वर्षांचं वाचन मी दोन धड्यांत शिकवते. पहिला धडा दिवाळीच्या आधी प्रसिद्ध झाला आणि दुसरा त्या मंगळवारनंतर. विषय एकच, लांबी जवळपास सारखी, प्रसिद्ध करण्याचा वार आणि वेळही तीच. तुलनेसाठी याहून चांगली जोडी माझ्याकडे नाही.

पहिल्या धड्याला पहिल्या आठवड्यात साधारण 1200 व्ह्यूज मिळाले. दुसऱ्याला 640. आपल्याच विश्लेषणाच्या पानावर हे आकडे उपकरणांनुसार फोडून बघता येतात. पहिल्या धड्यात संगणकावरून 700, मोबाइलवरून 430 आणि टीव्हीवरून 70. दुसऱ्यात मोबाइलवरून 420, टीव्हीवरून 70 आणि संगणकावरून फक्त 150. पडलेला जवळजवळ प्रत्येक व्ह्यू संगणकाच्या रकान्यातून गेला आहे. मोबाइल आणि टीव्ही जिथल्या तिथे आहेत.

लोकांना कंटाळा आला असता तर तो सगळ्या उपकरणांवर आला असता.

पुढे लाइकचे आकडे पाहा. पहिल्या धड्याला त्याच आठवड्यात 84 लाइक होते, दुसऱ्याला 81. म्हणजे आधी शंभर व्ह्यूजमागे सात लाइक पडत होते आणि आता जवळजवळ तेरा पडतात. माझं शिकवणं एका रात्रीत दुप्पट आवडू लागलं, असं मी मानायला तयार नाही. अंश तोच राहिला आणि छेद लहान झाला, एवढाच याचा अर्थ आहे. टिप्पण्यांचंही तसंच. सरावाच्या कागदावरची तारीख सोडवून खाली लिहिणारे लोक पूर्वीइतकेच आहेत, त्यांतली बरीचशी नावं मी ओळखते.

याहून मोठा पुरावा आपल्या हिशेबाच्या बाहेरचा आहे. प्रत्येक धड्याच्या वर्णनात मी सरावाच्या कागदाचा दुवा देते. ती फाइल दुसऱ्याच ठिकाणी ठेवलेली आहे आणि ती किती वेळा उतरवली गेली हे तिथला वेगळा मोजक सांगतो. पहिल्या धड्याचा कागद पहिल्या आठवड्यात 310 वेळा उतरवला गेला, दुसऱ्याचा 300 वेळा. त्या दुव्यापर्यंत माणूस माझ्या व्हिडिओच्या पानावरूनच पोचतो. निम्मे प्रेक्षक खरोखर गेले असते तर हा आकडाही खाली यायला हवा होता. ज्यांना आपल्या चॅनलच्या आकड्यांची शंका येते त्यांना मी हेच सांगेन: मंचाच्या बाहेर एक तरी मोजक ठेवा. मंचाच्या आकड्याची तपासणी त्याच मंचाच्या दुसऱ्या आकड्याने पूर्ण होत नाही.

पडझडीचा आकारही बोलका आहे. आवड कमी होते तेव्हा आलेख उतरणीसारखा खाली येतो, काही आठवडे लागतात, आणि प्रत्येक व्हिडिओचा उतार वेगळा असतो. माझ्या आलेखात पायरी आहे. तीन वर्षांपूर्वीचे बाराखडीचे धडे, गेल्या वर्षीचे जमाखर्चाचे धडे, नवे तारखांचे धडे, सगळ्यांचे संगणकावरचे व्ह्यूज त्याच मंगळवारी खाली आले. सुट्टीचा परिणाम म्हणावा तर दिवाळीत माझा आकडा दरवर्षी उतरतो आणि सुट्टी संपली की चढतो. यंदा सुट्टी संपल्यावर तो पडला. मागच्या वर्षीचे तेच आठवडे शेजारी ठेवून मी हे पाहिलं आहे.

आता व्ह्यू मोजला कसा जातो याबद्दल. हे मी आपल्याला शिकवत नाही. हे पत्र वाचणाऱ्या इतरांना तक्रार समजावी म्हणून लिहिते. व्हिडिओ चालू असताना दोन वेगळी कामं होत असतात. चित्र आणि आवाज तुकड्यातुकड्यांनी एका सर्व्हरवरून येतात. त्याच वेळी ब्राउझरमधला प्लेअर दुसऱ्या पत्त्यावर छोटे छोटे निरोप पाठवतो: सुरू झाला, अजून चालू आहे, इथपर्यंत पाहिला. मोजणी या निरोपांची होते. नंतर त्यांची छाननी होते, त्यात यंत्रांनी पाडलेले व्ह्यूज, पान सारखं ताजं करून वाढवलेले व्ह्यूज वगैरे गाळले जातात, आणि उरलेली संख्या आम्हाला दिसते. तेव्हा व्हिडिओ शेवटपर्यंत सुरळीत पाहिला गेला आणि तरी एकही व्ह्यू लागला नाही, हे सहज शक्य आहे. सभागृह भरलेलं असावं आणि दारातली नोंदवही कोरी असावी, तसं.

मोजलेला आकडा पडायला मग तीनच जागा उरतात, आणि प्रत्येकीची खूण वेगळी आहे. व्ह्यू कशाला म्हणायचं याची व्याख्या आपण बदलली असेल, तर फरक सगळ्या उपकरणांवर दिसेल. छाननी कडक झाली असेल, तर आकडा आधी चढून दिसेल आणि दोन-तीन दिवसांनी खाली येईल, कारण गाळणी नंतर लागते. तसंच एकाच जोडणीवरून पाहणारे जास्त गाळले जातील, उदाहरणार्थ विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एकाच पत्त्यामागे बसलेला अख्खा वर्ग. तिसरी जागा म्हणजे निरोप आपल्यापर्यंत पोचतच नाही. तसं असेल तर आकडा चढलेला कधी दिसणारच नाही, फटका एकाच प्रकारच्या उपकरणाला बसेल, आणि लाइक-टिप्पण्या मात्र येत राहतील, कारण त्या वेगळ्या वाटेने जातात. माझ्या चॅनलवर दुसऱ्या धड्याचे व्ह्यूज चढून उतरले नाहीत, ते लागलेच नाहीत. बाकीच्या दोन्ही खुणाही तिसऱ्या जागेशी जुळतात.

संगणकावरचाच निरोप का हरवावा? माझा एक जुना विद्यार्थी नेटवर्कच्या कामात आहे. त्याने लक्ष ॲड ब्लॉकरकडे वेधलं. ब्राउझरमध्ये बसवलेली ही एक्स्टेंशन्स याद्यांवर चालतात. कोणते पत्ते अडवायचे हे त्या याद्यांत लिहिलेलं असतं आणि याद्या आपोआप अद्ययावत होतात. काही याद्या जाहिराती अडवतात, तर इझीप्रायव्हसीसारख्या याद्या माग काढणारे निरोप अडवतात. अशा यादीत एका दिवशी एक ओळ वाढली आणि त्या ओळीत व्ह्यू मोजणाऱ्या निरोपाचा पत्ता सापडला, तर जगभरच्या ब्राउझरांतून तो निरोप एकदम बंद होतो. व्हिडिओ चालतोच. मोबाइलवरच्या आपल्या ॲपमध्ये आणि टीव्हीवर ब्राउझरची एक्स्टेंशन्स चालत नाहीत, म्हणून तिथले आकडे तसेच राहतात.

जाहिरातींच्या उत्पन्नानेही याला दुजोरा दिला. व्ह्यूज निम्मे झाले तरी माझं उत्पन्न जवळपास तेवढंच आहे. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं. पण ज्याच्या ब्राउझरमध्ये जाहिरात अडवलेली असते त्याच्याकडून उत्पन्न आधीही येत नव्हतं. मोजणीतून गळलेले लोक जाहिरात न पाहणारेच असतील, तर पैशाचा आकडा हलणार नाही. तो हलला नाही.

अंदाजावर थांबायचं नव्हतं म्हणून आम्ही एक चाचणी केली. एक छोटा धडा शोधात न येणारा, फक्त दुवा असलेल्यालाच दिसेल असा ठेवला. तो दहा विद्यार्थ्यांनी आपापल्या घरून, आपापल्या जोडणीवरून, संगणकावर एकदाच आणि पूर्ण पाहिला. पाच जणांच्या ब्राउझरमध्ये ॲड ब्लॉकर चालू होता, पाच जणांच्या नव्हता. दहाही जणांनी लाइक दिला आणि खाली आपलं नाव मोडीत लिहिलेल्या कागदाचा दुवा टाकला. छाननीला वेळ मिळावा म्हणून आम्ही तीन दिवस थांबलो. लाइक दहा लागले, टिप्पण्या दहा लागल्या, व्ह्यूज पाच लागले. मग ब्लॉकर असलेल्या पाच जणांनी तो आपल्या मंचापुरता बंद करून धडा पुन्हा पाहिला आणि व्ह्यूज दहा झाले. दहा माणसांच्या चाचणीने माझी सगळी घट सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. त्या आठवड्यात आपल्या बाजूनेही काही बदललं असू शकतं. पण कुठे शोधायचं हे ती नक्की सांगते, आणि शोधण्याची साधनं आपल्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत.

हा प्रकार जगात पहिल्यांदा घडतो आहे असंही नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये यूट्यूबवर अनेक चॅनलचालकांना असाच अनुभव आला: संगणकावरचे व्ह्यूज घसरले, लाइक आणि उत्पन्न बहुतेक जागेवर राहिलं. त्यानंतर यूट्यूबने जाहीरपणे सांगितलं की ॲड ब्लॉकर आणि तशा साधनांमुळे दाखवलेल्या व्ह्यूजच्या अचूकपणावर परिणाम होऊ शकतो, आणि ज्या चॅनलांच्या प्रेक्षकांत अशी साधनं वापरणारे जास्त आहेत तिथे चढउतार जास्त दिसू शकतात. या उत्तराने सगळ्यांचं समाधान झालं नाही, पण चॅनलचालकाला निदान दुसऱ्या कुणाला दाखवता येईल असं एक वाक्य मिळालं. मला आपल्याकडून तेवढंही मिळालेलं नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार आपल्या उत्तरांची. पहिल्या मेलमध्ये मी उपकरणांनुसार फोड, लाइकचं प्रमाण आणि तारीख दिली होती. उत्तरात शीर्षक आकर्षक करा, थंबनेल बदलून पाहा, नियमित व्हिडिओ टाका असं सांगितलं गेलं. दुसऱ्या मेलला उत्तर आलं की अवैध व्ह्यूज वेळोवेळी काढले जातात. ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. पहिल्याप्रमाणे लोक आलेच नाहीत, दुसऱ्याप्रमाणे आले ते खोटे होते. त्यातलं दुसरं मला जास्त लागलं. शुहूर सनाचा धडा थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहणारा निवृत्त माणूस अवैध प्रेक्षक नाही. आपण खरोखर माझे व्ह्यूज अवैध ठरवले असतील तर कोणत्या कारणाने आणि किती, ते मला सांगा. ठरवले नसतील तर ते वाक्य मागे घ्या.

दुसरी तक्रार, आलेखावर काहीही खूण नाही. जो कुणी आज माझ्या चॅनलचा वर्षभराचा आलेख उघडेल त्याला एवढंच दिसेल की दिवाळीनंतर या बाईंचे प्रेक्षक निम्मे झाले. याचे परिणाम मी भोगते आहे. शहरातली एक मराठी संस्था माझ्या ध्वनिमुद्रणाचा आणि कागदांच्या छायाचित्रणाचा खर्च अंशतः उचलत असे. दर सहामाहीला मी त्यांना आपल्या पानावरचे आकडे छापून देते. या वेळी ते पाहून त्यांच्या कार्यकारिणीने पुढच्या सहामाहीचा निर्णय लांबणीवर टाकला. त्यांच्या कार्यवाहांनी मला फोनवर विचारलं, "ताई, लोकांचा मोडीतला रस संपला का हो?" मी त्यांना लाइक, सरावाचे कागद, चाचणी सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं पटतंय, पण बैठकीत मला कागद दाखवायला लागतो, आणि कागदावर निम्मे आहेत." त्यांचा दोष नाही. संस्थेचा पैसा आहे, त्यांना छापील आकडा लागणारच. माझ्या म्हणण्याला वजन येईल असा कागद फक्त आपण देऊ शकता.

छायाचित्रणाचा खर्च थांबला की काय थांबतं तेही सांगते. लोक घरची खतं घेऊन येतात तेव्हा ती घडीवर फाटलेली असतात, वाळवीने खाल्लेली असतात. ती उलगडून, सरळ प्रकाशात, मोजपट्टी शेजारी ठेवून टिपावी लागतात. तसं टिपलेलं छायाचित्र मोठं केलं तरच धड्यात अक्षर दिसतं. कागद एक पावसाळा आणखी ट्रंकेत राहिला की पुढच्या वेळी त्यातल्या दोन ओळी गेलेल्या असतात.

तिसरी तक्रार प्रश्नाच्या रूपात आहे. हरवलेल्या व्ह्यूजबरोबर पाहण्याचे तासही हरवतात, कारण तेही त्याच निरोपांवर मोजले जातात. माझे मोजलेले तास जवळपास त्याच प्रमाणात उतरले आहेत. मग नव्या प्रेक्षकांना कोणता व्हिडिओ सुचवायचा हे ठरवताना आपली व्यवस्था हेच अपुरे तास वापरते का? वापरत असेल तर आज जी फक्त मोजणीतली घट आहे ती काही महिन्यांनी खरी घट होईल. त्या वेळी मोबाइलचाही आकडा उतरलेला असेल आणि माझ्याकडे दाखवायला पुरावा उरणार नाही. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते, आणि हे पत्र आत्ताच लिहिण्याचं कारणही हेच.

एक गोष्ट स्पष्ट करते. माझ्या प्रेक्षकांनी ॲड ब्लॉकर काढून टाकावा असं मी त्यांना सांगणार नाही. कुणाच्या कचेरीतल्या संगणकावर तो आधीच बसवलेला असतो, कुणाला आपला माग काढलेला नको असतो, आणि तो त्यांचा अधिकार आहे. जाहिरात न दाखवल्याचं उत्पन्न मला मिळू नये, हेही मला मान्य आहे. पण जाहिरात पाहिली नाही म्हणून माणूस आलाच नव्हता, असा हिशेब मला मान्य नाही. उत्पन्न आणि उपस्थिती या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्या एकाच निरोपावर टांगून ठेवायच्या की नाही, हे ठरवणं आपल्या हातात आहे.

मागण्या अशा.

त्या आठवड्यात व्ह्यू मोजण्याच्या व्याख्येत, छाननीत किंवा निरोपाच्या पत्त्यात काही बदल झाला का, हे हो किंवा नाही असं लेखी कळवावं. बदल झाला असेल तर तारीख द्यावी. झाला नसेल आणि निरोपच पोचत नसतील, तर तसं म्हणावं.

माझ्या चॅनलपुरता, त्या मंगळवारच्या आधीचे आणि नंतरचे चार आठवडे घेऊन, व्हिडिओचे तुकडे संगणकांकडे किती वेळा पाठवले गेले आणि त्याच काळात संगणकावरचे व्ह्यूज किती मोजले गेले, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. तुकडे पाठवले म्हणजे माणसाने पाहिलं असं होत नाही हे मला कळतं. ब्राउझर पुढचे तुकडे आधीच मागवून ठेवतो आणि माणूस पान बंद करून निघून जातो. म्हणून त्या संख्येला व्ह्यू म्हणा अशी माझी मागणी नाही. पण पाठवलेले तुकडे तेवढेच राहिले आणि व्ह्यूज पंचमांशावर आले असं दिसलं, तर प्रेक्षक गेले नव्हते हे सिद्ध होतं. त्याचा निष्कर्ष एका परिच्छेदात मला द्यावा, म्हणजे तो मी संस्थेच्या बैठकीत ठेवू शकेन.

विश्लेषणाच्या आलेखावर त्या तारखेला खूण करावी आणि 'या दिवसापासून संगणकावरचे आकडे आधीच्या आकड्यांशी तुलना करण्याजोगे नाहीत' अशा अर्थाची ओळ घालावी. मोजणी बदलली की असं करता येतं. 31 मार्च 2025 पासून यूट्यूबने शॉर्ट्सच्या व्ह्यूची व्याख्या बदलली, तेव्हा बदल आधी जाहीर केला आणि जुन्या पद्धतीचा आकडाही वेगळ्या नावाने विश्लेषणात ठेवला. त्या बदलाने आकडे वाढणार होते. आकडे घटतात तेव्हाही चॅनलचालकाला तीच वागणूक मिळायला हवी.

तपास पूर्ण होईपर्यंत संगणकावरच्या अपुऱ्या तासांच्या आधारे माझ्या व्हिडिओंची शिफारस कमी होणार नाही एवढं पाहावं, किंवा ते शक्य नसेल तर तसं स्पष्ट सांगावं.

शेवटची मागणी: उत्तर एखाद्या माणसाने वाचून द्यावं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2021 च्या नियमांनुसार मध्यस्थ मंचाने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क प्रसिद्ध करायचा असतो, आणि तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची असते. मंचाने उपलब्ध करून दिलेल्या संगणकीय साधनाशी संबंधित इतर बाबींचीही तक्रार त्या अधिकाऱ्याकडे करता येते. हे पत्र प्रसिद्ध होईल त्याच दिवशी त्याची प्रत मी त्या पत्त्यावर पाठवते आहे. तिथून मिळालेल्या निर्णयाने समाधान झालं नाही तर 2022 च्या दुरुस्तीने तरतूद केलेल्या अपील समितीकडे 30 दिवसांच्या आत जाता येतं, आणि मी जाईन. ती वेळ येऊ नये अशी इच्छा आहे.

चाचणीचा व्हिडिओ मी काढलेला नाही. त्याचा दुवा, दहाही जणांनी पाहिल्याची वेळ, कुणाच्या ब्राउझरमध्ये कोणतं एक्स्टेंशन होतं आणि ते कधी बंद केलं याची नोंद मेलसोबत जोडली आहे. त्या दहा जणांनी आपल्या खात्यांवरची ही माहिती तपासायला लेखी संमती दिली आहे. आपल्या अभियंत्यांना आणखी काही हवं असेल तर दुपारी दोन ते पाच मी घरीच असते, नोंदणीकृत क्रमांकावर फोन करावा. मराठी, गुजराती, हिंदी, कुठल्याही भाषेत बोलता येईल.

कळावे,
आपली,
मोडी शिकवणारी एक चॅनलचालक,
दांडिया बाजार, बडोदा